ऑफिसचा मेल टाकला की फोन दुपारी 3 ला बंद : सिंक किती ठेवायचं आणि त्याच्या आधी काय तपासायचं

आमचं टॉवेलचं युनिट आहे, चिंचोळी एमआयडीसीत. मी अकाउंट्स बघते आणि त्यासोबत ऑफिसचे कॉम्प्युटर, प्रिंटर, मेल हे पण माझ्याकडेच आहे. 14 जणांचे मेल आयडी आहेत, कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवर, साध्या होस्टिंगवर. दर दोन-तीन महिन्यांनी एक तक्रार ठरलेली, की ताई तुम्ही फोनमध्ये मेल टाकून दिलात आणि तेव्हापासून बॅटरी टिकत नाही. आधी मी पण सगळे सांगतात तेच सांगायचे, सिंक 15 मिनिटांवरून एक तासावर करा. त्यानं थोडा फरक पडायचा आणि आठ दिवसांनी तोच माणूस परत टेबलापाशी. शेवटी एकेकाचा फोन हातात घेऊन नीट बघायला लागले तेव्हा कळलं, की आमच्याकडं बॅटरी खाणारी गोष्ट बहुतेक वेळा वेगळीच होती, सिंकची वेळ हा शेवटचा प्रश्न होता. म्हणून त्याच क्रमानं लिहिते.

आधी अकाउंट टाकताना काय होतं ते. अँड्रॉइडवर जीमेल ॲप उघडलं, अकाउंट वाढवायला गेलं की ते विचारतं कुठल्या प्रकारचं. इथंच पहिली चूक होते. तुमच्या ऑफिसचा मेल गुगल वर्कस्पेसवर असेल, म्हणजे पत्त्यात शेवटी तुमच्या कंपनीचं नाव आहे पण आतून जीमेलच आहे, तर Google निवडायचं. मायक्रोसॉफ्टवर असेल तर Exchange and Office 365. आणि आमच्यासारखं साधं होस्टिंग असेल तरच Other. कुणी तरी वर्कस्पेसचा मेल Other मध्ये टाकायला बघतं, पासवर्ड बरोबर असून लॉगिन होत नाही, मग दहा वेळा तोच पासवर्ड. तो नुसत्या पासवर्डवर चालणारच नाही, ते दार गुगल आणि मायक्रोसॉफ्ट दोघांनी बंद केलंय, मायक्रोसॉफ्टनं तर 2022 च्या ऑक्टोबरपासूनच बंद करायला घेतलं होतं. त्यांचं स्वतःचं लॉगिन पान उघडलं पाहिजे, तरच योग्य प्रकार निवडलाय असं समजायचं.

Other मध्ये गेलात की पूर्ण पत्ता टाकायचा आणि पुढं POP3 की IMAP विचारतं. IMAP घ्या. POP3 मध्ये मेल फोनमध्ये उतरून घेतले जातात आणि सेटिंग तसं असेल तर सर्व्हरवरून काढून पण टाकले जातात, मग ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ते दिसत नाहीत आणि ऑर्डर कुठं गेली म्हणून शोधाशोध. आमच्याकडे भरायची माहिती अशी असते, तुमच्या होस्टिंगवाल्यानं दिलेलं सर्व्हरचं नाव वेगळं असू शकतं:

```
Incoming (IMAP): mail.example.com
Port: 993   Security: SSL/TLS
Outgoing (SMTP): mail.example.com
Port: 465   Security: SSL/TLS
Username: name@example.com
```

465 चालत नसेल तर 587 आणि Security मध्ये STARTTLS. युजरनेममध्ये पूर्ण पत्ता, @ च्या पुढचं पण. आणि एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा, पुढं तिचंच काम आहे: येणाऱ्या मेलचा पासवर्ड आणि जाणाऱ्या मेलचा पासवर्ड फोन वेगवेगळा साठवतो. आपण एकदाच टाइप करतो त्यामुळं एकच आहे असं वाटतं.

शेवटच्या स्क्रीनवर Sync frequency असतं, त्यात आपोआप Every 15 minutes आलेलं असतं आणि आपण Next दाबून पुढं जातो. त्याच्याच खाली वाय-फायवर असताना अटॅचमेंट आपोआप उतरवायची टिक असते. ती मी सगळ्यांची काढते, कारण आमच्याकडं एकच पीडीएफ पाच जणांना सीसीत येते आणि पाचही फोन ती उतरवत बसतात.

आता मेलमुळं बॅटरी जाते म्हणजे नक्की काय होतं. मेलचा मजकूर काही केबीचा असतो, त्याला काही लागत नाही. लागतं ते फोनचं नेटवर्क झोपेतून उठवायला. एकदा उठलं की काम दोन सेकंदात झालं तरी ते लगेच झोपत नाही, आणखी काही येईल का म्हणून काही सेकंद जागंच राहतं. म्हणून एका वेळी वीस मेल आणणं स्वस्त पडतं आणि वीस वेळा एकेक मेल आणणं महाग. आणि रेंज कमी असेल तर फोन जास्त ताकद लावून टॉवरशी बोलतो. आमची लूमची शेड पत्र्याची आहे, आत गेलं की दोन काड्या, पॅकिंगच्या कोपऱ्यात एक. तोच फोन, तेच सेटिंग, ऑफिसात वाय-फायवर बसणाऱ्याचा संध्याकाळपर्यंत चालतो आणि शेडमधल्याचा चालत नाही, हे मी डोळ्यानं बघितलंय.

आता आप्पांची केस सांगते, कारण सगळं तिथंच उलगडलं.

आप्पा आमच्याकडं डिस्पॅच बघतात. दिवसभर शेड, गोडाऊन, ट्रान्सपोर्टचा ट्रक. मार्च महिना होता, ते आले आणि फोन टेबलावर ठेवला, 3 वाजले होते आणि 11 टक्के. म्हणाले, "ताई, ह्ये मेल काढून टाका बगा, मला नको. ड्रायव्हरचा फोन येतो तवा फोन बंद. सकाळी फुल करून आणतोय की ओ मी."

मी आधी सेटिंगमध्ये बॅटरीचा वापर बघितला. मेल ॲप सगळ्यात वर, स्क्रीनच्या पण वर. हे बरोबर नाही, मेल ॲप स्क्रीनच्या वर कधीच असायला नको. मग त्याच ॲपच्या माहितीत जाऊन मोबाईल डेटा उघडला, तिथं बॅकग्राउंडमध्ये किती गेला ते वेगळं दिसतं. आकडा मी विसर म्हटलं तरी विसरणार नाही, सकाळपासून 590 एमबी, आणि आप्पांनी मेल उघडला होता एकदा. मेल बघून बघून एवढा डेटा जाऊच शकत नाही. आलेले मेल मोजले तर सकाळपासून 17, सगळे मिळून 5 एमबी पण नव्हते.

म्हणजे येत काही नव्हतं, जात होतं. Outbox उघडला. आपण Inbox बघतो, Sent बघतो, Outbox कुणी उघडत नाही. तिथं आदल्या संध्याकाळचा एक मेल अडकलेला, पार्टीला पाठवलेले पॅकिंगचे 6 फोटो. कार्टनवरचे मार्क, पट्टी, ट्रकमध्ये लावलेली थप्पी. एकेक फोटो साडेतीन एमबीच्या वर, सगळे मिळून 22 एमबी.

आता आमच्या सर्व्हरची मर्यादा 25 एमबी आहे, आप्पांना पण ते माहीत होतं, म्हणून 22 चालेल असं त्यांना वाटलं आणि ते वाटणं चुकीचं नाही. पण मेलमधून फाईल जाताना तशीच जात नाही, ती अक्षरांमध्ये बदलून पाठवली जाते आणि त्यात ती साधारण एक तृतीयांशानं फुगते. 22 चे 29 होतात. म्हणजे 25 च्या मर्यादेत खरं तर 18 एमबीच्या आसपासच फाईल बसते. वर मेल पाठवताना अर्धवट तुटला तर जिथं तुटला तिथून पुढं जात नाही, पहिल्यापासून परत सुरू होतो. त्यांचं सिंक होतं 15 मिनिटांवर, फोन प्रत्येक सिंकला आधी Outbox रिकामा करायला बघायचा. सकाळी 9:30 ते 3 म्हणजे साडेपाच तास, तासाला 4, म्हणजे 22 वेळा. 29 एमबी गुणिले 22 केलं तर 638. काही वेळा रेंज गेली आणि मध्येच तुटलं, तर 590 हा आकडा अगदी बसतो. तो फोन दिवसभर पत्र्याच्या शेडमधून एक काडीवर 29 एमबी ढकलत होता. खिशात गरम लागतो असं आप्पा दोन दिवस म्हणत होते, आम्ही सगळे ऊन आहे म्हणून सोडून देत होतो.

काढायचा कसा ते पण सांगते, कारण पाठवणं चालू असताना तो मेल नीट डिलीट होत नाही, परत दिसतो. आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका. मग ॲप बंद करून परत उघडा, Outbox मध्ये जाऊन मेल काढा. फोटो गॅलरीत आहेत ना ते काढायच्या आधी बघून घ्या. मग एअरप्लेन मोड बंद. आम्ही तेच फोटो तीन-तीन करून दोन मेलमध्ये पाठवले, ऑफिसात वाय-फायवर बसून, दोन मिनिटांत गेले. आता आप्पा फोटो काढतानाच कॅमेऱ्यात लहान साईज ठेवतात, कार्टनवरचा नंबर वाचता आला म्हणजे झालं.

सिंक मी त्या दिवशी मुद्दाम बदललं नाही, 15 वरच ठेवलं, म्हणजे नक्की कशानं फरक पडला ते कळेल. दुसऱ्या दिवशी 3 वाजता 52 टक्के. एकही सेटिंग न बदलता.

एवढं झाल्यावर मला वाटलं सुटलं. पण एप्रिलमध्ये परत, आणि या वेळी एकाचं नाही, चार-पाच जणांचं, वर ऑफिसच्या वाय-फायवर मेलच बंद. मोबाईल डेटावर केला की चालू. होस्टिंगवाल्याला फोन केला तर तो म्हणाला सर्व्हर चालू आहे. मग आठवलं, 1 तारखेला आम्ही सगळ्यांचे पासवर्ड बदलतो.

झालं असं होतं. पासवर्ड बदलल्यावर फोन विचारतो, आपण नवीन टाकतो, मेल यायला लागतात, आपण खूश. पण ते फक्त Incoming settings मध्ये बदललेलं असतं. Outgoing settings मध्ये जुनाच राहतो. मग पाठवलेला मेल Outbox मध्ये बसतो आणि फोन जुन्या पासवर्डनं पुन्हा पुन्हा दार वाजवतो. होस्टिंगच्या सर्व्हरला ते कुणी तरी पासवर्ड फोडायला बघतंय असं दिसतं, ठराविक चुका झाल्या की तो ज्या इंटरनेट कनेक्शनवरून त्या येतात त्याचा आयपी, म्हणजे बाहेर दिसणारा नंबर, तोच बंद करतो. आणि ऑफिसच्या वाय-फायवरचे सगळे फोन, सगळे कॉम्प्युटर बाहेरून एकाच आयपीनं दिसतात. म्हणजे एका फोनमधला जुना पासवर्ड आणि पूर्ण ऑफिसचा मेल बंद. मग बाकीचे फोन कनेक्शन लागत नाही म्हणून वाट बघत बसतात, थांबून परत प्रयत्न करतात, आणि सगळ्यांची बॅटरी उतरायला लागते. होस्टिंगवाल्याकडून ऑफिसचा आयपी मोकळा करून घ्यावा लागतो, पण त्याच्या आधी तो फोन शोधा, नाही तर अर्ध्या तासात परत बंद होतो. आमचा तो फोन एकानं घरी मुलाला दिलेला जुना फोन होता आणि मुलगा दुपारी ऑफिसात आला की वाय-फायला जोडला जायचा. त्यात वडिलांचा ऑफिसचा मेल अजून होता. ते शोधायला माझे दोन दिवस गेले.

म्हणून पासवर्ड बदलला की जीमेल ॲपमध्ये Settings, मग ऑफिसचं अकाउंट, मग अगदी खाली Incoming settings आणि Outgoing settings दोन्ही उघडून दोन्हीकडं नवीन पासवर्ड, आणि मग स्वतःलाच एक मेल पाठवून बघायचा. आला तर दोन्ही बरोबर. मी आता 1 तारखेला सगळ्यांकडून हे माझ्यासमोर करून घेते.

या दोन केसेसमधून ओळखायची एक सोपी पद्धत मिळाली. बॅटरीत मेल ॲप वर आहे आणि बॅकग्राउंड डेटा पण खूप, तर Outbox मध्ये मोठं काही तरी अडकलंय. बॅटरी जातेय पण डेटा काहीच नाही, तर लॉगिन किंवा कनेक्शन फसतंय. तिसरी एक शक्यता, एकच अकाउंट दोन ॲपमध्ये. फोनसोबत आलेल्या मेल ॲपमध्ये कधी तरी टाकलेला असतो आणि नंतर जीमेलमध्ये पण टाकला, मग दोघं वेगवेगळ्या वेळी तोच मेल आणतात. एका मेलला दोन नोटिफिकेशन येत असतील तर हेच. एकातून काढा. IMAP असेल तर फोनमधून अकाउंट काढल्यानं सर्व्हरवरचे मेल जात नाहीत, पण Outbox मधले न गेलेले जातात, म्हणून आधी ते बघा. POP3 असेल तर काढायच्या आधी थांबा, मेल सर्व्हरवर आहेत का ते वेबमेलमध्ये उघडून खात्री करा.

हे सगळं साफ असेल तर मग सिंकची वेळ. साध्या IMAP ला जीमेल ॲपमध्ये 15 मिनिटं, 30 मिनिटं, एक तास आणि Never एवढंच मिळतं. 15 म्हणजे 24 तासांत 96 वेळा, 30 म्हणजे 48, तासाला म्हणजे 24. मी माणसाचं काम बघून ठरवते. आप्पांना ट्रकची वेळ, ई-वे बिल, कधी पण येऊ शकतं, पण खरं घाईचं असलं की आम्ही फोनच करतो, म्हणून त्यांना 30. अकाउंट्समध्ये आम्ही कॉम्प्युटरसमोरच बसलेलो असतो, मेल स्क्रीनवर दिसतो, आमच्या फोनला एक तास पुरतो. मालकांना एक्स्पोर्टच्या पार्टीचे मेल लगेच लागतात, ते बहुतेक वाय-फायवर असतात, त्यांना 15. लूमच्या सुपरवायझरला Never, तो चहाच्या वेळी ॲप उघडून वरून खाली ओढतो आणि मेल येतात. त्याला दिवसाला चार मेल येतात, त्याच्यासाठी फोननं 96 वेळा उठायची गरज नाही.

काही जण म्हणतात पुश, म्हणजे मेल आला की सर्व्हरनंच फोनला कळवणं, ते बंदच करा, बॅटरी खातो. ते सगळ्यांना लागू होत नाही. गुगल किंवा एक्सचेंजचं अकाउंट असेल तर मेल आला तरच फोन उठतो, उगाच विचारायला जात नाही. दिवसाला 20-25 मेल येणाऱ्याला पुश हा 15 मिनिटांच्या सिंकपेक्षा हलका पडतो. पण ज्याला सीसीत, ग्रुपमध्ये मिळून दीड-दोनशे मेल येतात त्याचा फोन दीड-दोनशे वेळा उठतो, त्याला मात्र एक्सचेंजमध्ये Automatic (Push) काढून 30 मिनिटं केलेलं बरं. म्हणजे कालच्या दिवशी किती मेल आले ते मोजा आणि मग ठरवा.

आणि 15 ठेवून पण मेल उशिरा येतो ही उलटी तक्रार पण असते. फोन टेबलावर किंवा ड्रॉवरमध्ये न हलता, स्क्रीन बंद पडून असेल तर अँड्रॉइड बॅटरी वाचवायला सगळी सिंकं थांबवून मधून मधून एकदम करतो, अँड्रॉइड 6 पासून हे आहे. फोन उचलला की मेल धडाधड येतात. त्यात काही बिघडलेलं नसतं. त्यावर उपाय म्हणून लोक ॲपची बॅटरी Unrestricted करतात. ते करू नका असं माझं स्पष्ट मत आहे, रात्री 2 वाजता मेल 40 मिनिटं उशिरा आल्यानं कुणाचं काही अडत नाही आणि सकाळी फोन उतरलेला मिळाला तर त्यानं अडतं.

आयफोनवाल्यांसाठी: मेलच्या सेटिंगमध्ये Fetch New Data असतं. त्यात Automatically म्हणजे चार्जिंगला आणि वाय-फायवर असतानाच मागून मेल आणतो. आमच्या मार्केटिंगच्या मुलाला मी तेच लावून दिलं होतं, नाव चांगलं वाटलं म्हणून, आणि तो दिवसभर फिल्डवर असताना एक पण मेल आला नाही. शेवटी पुण्याच्या पार्टीनं फोन करून विचारलं. ही चूक माझी. बाहेर फिरणाऱ्याला तिथं Every 30 Minutes ठेवा.

एकदा बदललं की दोन दिवस तसंच राहू द्या आणि रोज ठरलेल्या दोन वेळांना टक्के लिहून ठेवा. आप्पांनी कार्टनच्या पुठ्ठ्यावर लिहिले होते, सकाळी 9:30 आणि संध्याकाळी 6:30. 15 मिनिटांवर 6:30 ला 34 टक्के होते. 30 वर केल्यावर 41. म्हणजे Outbox साफ केल्यानं आप्पांना 3 वाजताच 41 टक्के जास्त मिळाले होते आणि सिंकची वेळ दुप्पट करून मिळाले 7. तो पुठ्ठा अजून माझ्या टेबलाला लावलेला आहे, नवीन तक्रार आली की आधी तो दाखवते आणि मग म्हणते, Outbox उघडा.